घरकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना: दर, खर्च आणि कागद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या पानावरची सगळी उत्तरं एकच उदाहरण धरून लिहिली आहेत. महाराष्ट्रातल्या शहरातला सोसायटीचा फ्लॅट आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचं, म्हणजे हाउसिंग फायनान्सचं आहे. दर बदलता, सध्या ८.७५ टक्के. बाकी मुद्दल ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षं, हप्ता ३९,९७८ रुपये. दुसरी एक बँक ७.७५ टक्क्यांनी हे कर्ज आपल्याकडे घ्यायला तयार आहे. आकडे तुमचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

माझा दर खरंच जास्त आहे, हे कसं ओळखायचं?

शेजाऱ्याचा दर विचारून उपयोग नाही. त्याचं कर्ज कधीचं, सीबिल स्कोअर किती, नोकरी की धंदा, यावर त्याचा दर ठरलेला असतो. त्यापेक्षा स्वतःच्या कर्जाचा गेल्या वर्षा-दीड वर्षाचा उतारा काढा आणि रेपो दरासोबत ताडून पाहा. फेब्रुवारी २०२५ च्या आधी रेपो ६.५० टक्के होता. त्या वर्षात रिझर्व्ह बँकेने तो टप्प्याटप्प्याने खाली आणला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ वर आला. म्हणजे एकूण सव्वा टक्का उतरला. तुमचा दर या काळात किती उतरला?

बँकेचं कर्ज १ ऑक्टोबर २०१९ नंतरचं असेल, तर ते बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेलं असतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा लागतो. अशा कर्जात उतार आपोआप आलेला दिसेल. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्या स्वतःच्या मूळ दराशी कर्ज जोडतात, आणि तो मूळ दर कधी, किती उतरवायचा हे त्याच ठरवतात. म्हणूनच कर्ज हलवायचा विचार करणारे बरेच जण या कंपन्यांचे, किंवा एमसीएलआर आणि बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या जुन्या दरांवर राहून गेलेले ग्राहक असतात.

दुसरी गोष्ट स्प्रेडची. रेपोशी जोडलेल्या कर्जात तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड, म्हणजे बँकेने त्यावर चढवलेला फरक. रेपो सगळ्यांना सारखा, स्प्रेड मात्र ज्याचा त्याचा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही २.९० च्या स्प्रेडवर कर्ज घेतलं असेल आणि आज तीच बँक नव्या ग्राहकाला २.४० देत असेल, तर रेपो कितीही उतरला तरी तुमच्यातला आणि नव्या ग्राहकातला अर्धा टक्का तसाच राहतो. नवी बँक निवडतानाही आजचा दर पाहू नका, स्प्रेड पाहा. पहिल्या वर्षापुरता कमी ठेवलेला दर पुढे वर जातो. मंजुरीपत्रात स्प्रेड आकड्यात लिहिलेला असला पाहिजे.

जुन्या बँकेतच दर कमी करून घेता येतो का?

येतो, आणि कर्ज हलवण्याआधी ही चौकशी करायलाच हवी. याला कुठे कन्व्हर्जन म्हणतात, कुठे रेट स्विच. अर्ज द्यायचा, थोडं शुल्क भरायचं आणि पुढच्या महिन्यापासून नवा दर. मूल्यांकन नाही, वकील नाही, मुद्रांक शुल्क नाही, कागदपत्रं हलत नाहीत.

आपल्या उदाहरणात समजा जुनी कंपनी म्हणाली, ५,९०० रुपये भरा, दर ८.१० करून देतो. आता तुलना ८.७५ विरुद्ध ७.७५ अशी राहिली नाही. ती ८.१० विरुद्ध ७.७५ अशी झाली. फरक उरला ०.३५ टक्का, म्हणजे ४० लाखांवर पहिल्या वर्षी १४,००० रुपये. हलवण्याचा खर्च खाली काढला आहे, तो साधारण ४०,२०० येतो. कन्व्हर्जनच्या शुल्कापेक्षा तो सुमारे ३४,३०० ने जास्त. एवढे पैसे भरून निघायला अडीच वर्षं लागतात. मुदत १५ वर्षं उरलेली आहे म्हणून तरीही हलवणं फायद्याचं ठरू शकेल, पण घर चार-पाच वर्षांत विकायचा विचार असेल तर मी जुन्याच ठिकाणी राहीन.

एक व्यवहाराची गोष्ट. नुसतं तोंडी विचारलं, तर शाखेत 'सध्या असं काही नाही' हे उत्तर मिळू शकतं. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात घेऊन फोरक्लोजर लेटरचा, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणाऱ्या पत्राचा अर्ज दिला की मात्र ग्राहक टिकवणाऱ्या विभागाचा फोन येतो आणि दर खाली येतो. तो फोन आला तर नवा दर, नवा स्प्रेड आणि शुल्क ईमेलवर मागा. फोनवर सांगितलेला दर धरून नव्या बँकेची फाइल बंद करू नका.

मुदतीआधी कर्ज बंद केलं म्हणून दंड लागेल का?

बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे, आणि गृहवित्त कंपन्यांनाही ती लागू आहे. पैसे स्वतःचे की दुसऱ्या बँकेचे, याने फरक पडत नाही.

स्थिर दराचं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दुसरीकडून कर्ज घेऊन फेडलं म्हणून शुल्क लागू शकतं. काही कर्जं पहिली दोन-तीन वर्षं स्थिर आणि मग बदलत्या दराची असतात. त्यांत आज कोणता काळ चालू आहे, ते करारात पाहा.

हलवायचा खर्च नेमका कुठे कुठे लागतो?

जाहिरातीत 'प्रोसेसिंग फी शून्य' असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा खर्चच शून्य समजतो. प्रोसेसिंग फी हा खर्चाचा एक भाग आहे, महाराष्ट्रात तर जेमतेम निम्म्याहून कमी. आपल्या ४० लाखांच्या कर्जाचा हिशेब असा:

- प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के धरली तर १४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२०. एकूण १६,५२० रुपये.
- गहाणाच्या कागदावरचं मुद्रांक शुल्क ०.३ टक्के, म्हणजे १२,००० रुपये.
- नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण झाल्याची सूचना, ऑनलाइन दाखल करण्याची फी आणि दस्त हाताळणी, १,३०० रुपये धरले.
- वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन, जीएसटीसह ५,९०० रुपये.
- सरसाई या केंद्रीय नोंदवहीत बोजा नोंदवण्याचे ११८ रुपये.
- करार आणि प्रतिज्ञापत्रांसाठी पाचशेचे दोन स्टॅम्प, १,००० रुपये.
- दोन्हीकडचं व्याज एकाच वेळी चालू राहतं ते चार दिवस, सुमारे ३,४०० रुपये.

बेरीज साधारण ४०,२०० रुपये.

यातल्या फीचे आकडे बँकेगणिक बदलतात आणि त्यात घासाघीस होते. मुद्रांक शुल्कात होत नाही, कारण ते शासनाला जातं. जुन्या कर्जाच्या वेळी ते भरलं होतं, मग आता पुन्हा का, असा प्रश्न हमखास येतो. घर तेच असलं तरी गहाण नवं आहे. तुम्ही मूळ कागदपत्रं आता दुसऱ्या संस्थेकडे तारण म्हणून ठेवता, त्यामुळे शुल्क पुन्हा लागतं. इतर राज्यांत त्याचा दर वेगळा आहे, म्हणून बंगळूरच्या भावाचा खर्च पुण्याच्या फ्लॅटला लावू नका.

नोटीस ऑफ इंटिमेशन गहाण झाल्यापासून तीस दिवसांत दाखल व्हायला हवी. बँकेचा माणूस ते काम करून देतो, पण त्याचे पैसे घेतो. फी किती आणि माणसाचे किती, हे वेगवेगळं लिहून मागा. काही बँका नुसती नोटीस न देता दुय्यम निबंधकाकडे गहाणाच्या दस्ताची रीतसर नोंदणी करून घेतात. तसं असेल तर नोंदणी फी वरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त पडते आणि सगळा हिशेब बदलतो. हा प्रश्न अर्ज देण्याआधी विचारा.

हा खर्च किती दिवसांत वसूल होतो?

बहुतेक लोक हप्त्यातला फरक धरतात. नवा हप्ता ३७,६५१, जुना ३९,९७८, फरक २,३२७ रुपये. ४०,२०० भागिले २,३२७ म्हणजे सतरा महिने.

हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पहिल्या महिन्याचं व्याज बघा. ८.७५ ने ते २९,१६७ रुपये होतं, ७.७५ ने २५,८३३. व्याजात वाचले ३,३३३ रुपये. त्यातले २,३२७ तुमच्या हातात राहिले आणि उरलेले सुमारे हजार रुपये मुद्दलात गेले, म्हणजे नव्या कर्जात मुद्दल दरमहा थोडं जास्त फिटतं. ही बचत डोळ्यांना दिसत नाही, पण घर विकाल किंवा कर्ज लवकर बंद कराल तेव्हा ती हातात येते. ती धरली तर खर्च साधारण वर्षभरात वसूल होतो.

तोंडी हिशेबासाठी एवढं पुरे: बाकी मुद्दलाला दरातल्या फरकाने गुणा. ४० लाखांचा एक टक्का म्हणजे ४०,०००. ही पहिल्या वर्षाची ढोबळ बचत झाली. हलवण्याचा खर्च या आकड्याच्या आसपास असेल, तर पहिलं वर्ष खर्चात जातं आणि कमाई दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. खर्च या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट निघाला, तर थांबा आणि मुदत किती उरली आहे ते पाहा.

चार-पाच वर्षंच उरली आहेत. तरी हलवावं का?

बहुधा नाही. समजा १० लाख बाकी आहेत आणि चार वर्षं उरली आहेत. दर तोच, ८.७५ वरून ७.७५. जुना हप्ता २४,७६७, नवा २४,२९६. फरक ४७१ रुपयांचा. चार वर्षांची मिळून बचत साडेबावीस हजारांच्या आसपास येते.

खर्च मात्र मुद्दलाच्या प्रमाणात उतरत नाही. वकील आणि मूल्यांकनाचे पैसे तेवढेच लागतात, प्रोसेसिंग फीला अनेक बँकांमध्ये किमान रक्कम असते. सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास जातं. हाती काही लागत नाही आणि धावपळ मात्र पूर्ण होते. अशा कर्जात जुन्याच बँकेत दर कमी करून घ्या, नाहीतर हातात असलेले लाख-दीड लाख मुद्दलात भरा.

नव्या बँकेने हप्ता सात हजारांनी कमी करून दिला. मग फायदा मोठाच ना?

या प्रश्नासाठी हे पान लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल. एवढा मोठा फरक एका टक्क्याने पडत नाही. तो मुदत वाढवल्याने पडतो.

आपल्याच उदाहरणात १५ वर्षं उरली होती. नव्या बँकेने अर्जात २० वर्षं भरली. ७.७५ टक्क्यांनी हप्ता आला ३२,८३८, म्हणजे जुन्यापेक्षा ७,१४० ने कमी. आता एकूण भरणा पाहा. जुन्या कर्जात १८० हप्ते मिळून ७१ लाख ९६ हजार भरायचे होते. नव्यात २४० हप्ते मिळून ७८ लाख ८१ हजार भरायचे आहेत. दर एक टक्क्याने उतरला आणि घरातून जाणारे पैसे ६ लाख ८५ हजारांनी वाढले. वर हलवण्याचा खर्च वेगळा.

मुदत तीच, १५ वर्षं ठेवली असती, तर एकूण भरणा ६७ लाख ७७ हजार झाला असता. खर्च वजा करण्याआधी ४ लाख १९ हजार वाचले असते.

आणखी एक रस्ता आहे आणि माझ्या मते ज्याला जुना हप्ता झेपत होता त्याने तोच धरावा. कर्ज हलवा, दर ७.७५ करा, पण हप्ता जुनाच, ३९,९७८ ठेवा. कर्ज १८० ऐवजी १६२ व्या महिन्यात संपतं, दीड वर्ष आधी. एकूण वाचणारी रक्कम ७ लाख ४० हजारांच्या घरात जाते. घरखर्चात काहीही बदल करावा लागत नाही, कारण तो हप्ता तुम्ही आजही भरताच आहात. अर्ज देताना मुदत साडेतेरा वर्षं मागा. बँक ऐकत नसेल तर १५ वर्षं घ्या आणि दरमहा वरचे २,३२७ मुद्दलात भरा.

नोकरीची अडचण आहे, घरात आजारपण आहे आणि हप्ता हलका होणं खरंच गरजेचं आहे, तर मुदत वाढवणं गैर नाही. तेव्हा तो निर्णय जाणून घेतलेला असावा. फॉर्ममध्ये मुदतीची चौकट तुम्ही स्वतः भरा, एजंटला भरू देऊ नका.

आधी कागद कोणते लागतात आणि काम कोणत्या क्रमाने होतं?

जुन्या ठिकाणाहून तीन गोष्टी काढायच्या: कर्जाचा उतारा, त्यांच्याकडे ठेवलेल्या मूळ कागदपत्रांची यादी (बँकेत तिला एलओडी म्हणतात) आणि फोरक्लोजर लेटर. पहिल्या दोन गोष्टी लगेच काढा, फोरक्लोजर लेटर नवी मंजुरी हातात आल्यावर. त्या पत्रात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं, आणि त्याची वैधता थोड्या दिवसांचीच असते.

नव्या बँकेला तुमच्या उत्पन्नाचे कागद, नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, आधीच्या खरेदीदारांच्या करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, भागदाखला आणि सोसायटीची एनओसी लागते. सोसायटीच्या एनओसीला वेळ लागतो, कारण सचिवांकडे जुन्या कंपनीचा बोजा नोंदलेला असतो आणि नव्याची नोंद जुनी उतरल्याशिवाय ते करत नाहीत. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं तर महिन्याची मीटिंग चुकत नाही.

मग नव्या बँकेचा वकील शीर्षक तपासतो, अभियंता येऊन मूल्यांकन करतो, मंजुरीपत्र मिळतं. मंजुरीपत्रासोबत महत्त्वाच्या तथ्यांचं विवरणपत्र मिळालं पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात फी वगैरे धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर हाच आकडा शेजारी शेजारी ठेवा. मात्र मुद्रांक शुल्कासारख्या शासकीय रकमा त्यात धरल्या आहेत का, हे विचारून घ्या.

सह्या झाल्या की नवी बँक जुन्या कंपनीच्या नावे, तुमच्या कर्ज खाते क्रमांकावर पैसे देते. चेक किंवा डीडी तुमच्या हातात आला, तर तो त्याच दिवशी जुन्या ठिकाणी जमा करून पोच घ्या. नवं व्याज पैसे दिले त्या दिवसापासून सुरू होतं आणि जुनं पैसे पोचेपर्यंत थांबत नाही. ४० लाखांवर नवं व्याज दिवसाला सुमारे ८५० रुपये आहे. डीडी शुक्रवारी घेऊन मंगळवारी भरला, तर साडेतीन हजार उगाच गेले.

मंजुरी मिळेपर्यंत कुठे अडतं?

सगळ्यात जास्त अडतं ते घराच्या कागदांवर. जुन्या कंपनीने ज्या इमारतीला कर्ज दिलं, तिला नवी बँक देईलच असं नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत, गावठाणातलं बांधकाम, गुंठेवारीचा प्लॉट, मंजूर नकाशापेक्षा वाढवलेली गॅलरी, मधल्या खरेदीदाराचा हरवलेला करार, यातलं काही असेल तर सरकारी बँका सहसा मागे हटतात. गृहवित्त कंपन्यांचा दर थोडा जास्त असण्यामागे हेही एक कारण असतं. म्हणून फी भरण्याआधी बँकेच्या माणसाला करारनामा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत दाखवा आणि तुमच्या इमारतीत त्यांची आधीची कर्जं आहेत का ते विचारा. असतील तर काम सोपं होतं. लॉगिन फी म्हणून आधी घेतलेले पैसे फाइल नाकारली तरी बहुतेक वेळा परत मिळत नाहीत.

दुसरा अडथळा मूल्यांकनाचा. बांधकामाच्या टप्प्यावर घेतलेलं घर भाव उतरलेल्या भागात असेल, तर मूल्य कमी निघतं आणि पूर्ण ४० लाख बसत नाहीत.

तिसरा हप्त्यांचा. गेल्या वर्षात एखादा हप्ता बाउन्स झाला असेल तर नवी बँक एकतर नाही म्हणते, नाहीतर जाहिरातीतल्या दरावर पाव-अर्धा टक्का चढवते. हलवायची प्रक्रिया चालू असताना जुना हप्ता थांबवू नका. 'पुढच्या आठवड्यात बंदच होणार आहे' म्हणून हप्ता चुकवला आणि फाइल लांबली, तर त्या एका बाउन्समुळे मंजूर झालेला दर हातचा जाऊ शकतो.

कर्जासोबत विमा घ्यावाच लागतो, असं सांगतात. खरं का?

दर मिळण्यासाठी विमा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तरी एकरकमी हप्त्याचा कर्जसुरक्षा विमा फाइलमध्ये जोडला जातो आणि त्याची रक्कम कर्जातच मिसळतात. साठ हजारांचा विमा असा मिसळला, तर हलवण्याचा आपला खर्च ४० हजारांवरून एका झटक्यात लाखावर गेला आणि वसुलीचा काळ अडीच पटींनी वाढला. शिवाय त्या साठ हजारांवर १५ वर्षं व्याज.

सह्या करताना कर्जाची रक्कम फोरक्लोजरच्या रकमेशी ताडून पाहा. जास्त असेल, तर ते जास्तीचे पैसे कशाचे आहेत ते विचारा. घरात कमावता माणूस एकच असेल तर संरक्षण हवंच, पण त्यासाठी साधा मुदत विमा स्वतंत्रपणे घ्या. तो कर्ज कुठेही गेलं तरी चालू राहतो. जुन्या कर्जासोबत घेतलेली पॉलिसी असेल तर तिचं काय होतं, हे विमा कंपनीला लेखी विचारा. ती पुढे चालू ठेवता येते किंवा न वापरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात, हे त्या पॉलिसीच्या अटींवर ठरतं.

सोबत टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज घेतलं तर?

घराच्या दुरुस्तीसाठी लागत असेल तर वैयक्तिक कर्जापेक्षा हे स्वस्त पडतं. दोन गोष्टी पाहा. टॉप-अपचा दर घरकर्जाएवढाच आहे का, आणि मुद्रांक शुल्क टॉप-अपसह एकूण रकमेवर लागतं. गाडी किंवा लग्नासाठी घेतलेले पैसे १५ वर्षांत फेडणं मला पटत नाही.

आयकराची सवलत जाते का?

घर घेण्यासाठीचं मूळ कर्ज फेडायला काढलेल्या कर्जाच्या व्याजावरही वजावट मिळते, म्हणून जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांची व्याजाची सवलत चालू राहते. दोन्हीकडची व्याजाची प्रमाणपत्रं त्या वर्षासाठी जपून ठेवा. टॉप-अपचं व्याज घरासाठी वापरलेल्या रकमेपुरतंच धरता येतं. पहिल्या घराची जादा वजावट ठरावीक काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. ती घेत असाल, तर हलवण्याआधी कर सल्लागाराला विचारा. प्रधानमंत्री आवास योजनेचं व्याज अनुदान मिळालं असेल, तर नव्या बँकेत ते पुन्हा मागता येत नाही.

जुनी कंपनी मुद्दाम वेळ काढते. काय करायचं?

कर्ज दुसरीकडे नेण्याची विनंती मिळाल्यावर संमती किंवा हरकत २१ दिवसांत कळवणं गृहवित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे. अर्ज शाखेत नुसता ठेवून येऊ नका, शिक्का आणि तारखेची पोच घ्या किंवा ईमेल करा. २१ दिवस मोजायला तारीख लागते. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

पैसे पोचले, पण घराचे मूळ कागद अजून जुन्याकडेच आहेत. ते कधी मिळतात?

पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करून बोजा उतरवला पाहिजे. उशीर कंपनीमुळे झाला तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद हरवले किंवा खराब झाले तर प्रती काढून देण्याचा खर्च त्यांचा, आणि त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात.

नवी बँक मात्र तेवढं थांबत नाही. पैसे दिल्यापासून ठरावीक दिवसांत मूळ कागद आणून द्या, नाहीतर दर वाढवू, अशी अट करारात असू शकते. ती मुदत ३० दिवसांपेक्षा कमी असेल तर सही करण्याआधी वाढवून घ्या, कारण जुन्याला कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत.

कागद घ्यायला जाताना आधी काढलेली यादी सोबत न्या आणि तिथेच एकेक कागद ताडून पाहा. करारनाम्याची मूळ प्रत, नोंदणीची पावती, भागदाखला, बिल्डरच्या पावत्या. घरी येऊन पावती कमी दिसली तर ती तिथे होती हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

कर्ज हललं. अजून काय उरतं?

जुना हप्ता खात्यातून आपोआप कापण्याचा नॅच आदेश तुमच्या बँकेत रद्द करा, नाहीतर पुढच्या पाच तारखेला पैसे कापले जातात आणि परत मिळवायला खेटे पडतात. जुन्या कंपनीकडून नो ड्यूज पत्र आणि न वापरलेले चेक घ्या. सरसाईमधला त्यांचा बोजा उतरवल्याची पोच मागा. गहाणाचा दस्त नोंदवलेला असेल तर मुक्तीचा दस्तही नोंदवावा लागतो. बंगला किंवा प्लॉट असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा जुना बोजा फेरफार करून कमी झाला का, हे उतारा काढून पाहा. सोसायटीच्या दप्तरात जुन्याचं नाव काढून नव्या बँकेचं लावून घ्या.

दोन महिन्यांनी सीबिलचा अहवाल काढा. जुनं खातं 'बंद' आणि बाकी शून्य दिसलं पाहिजे. दोन्ही कर्जं चालू दिसत असतील तर नो ड्यूज पत्र जोडून दुरुस्तीची विनंती नोंदवा. आणि नव्या बँकेकडून दर तीन महिन्यांनी मिळणाऱ्या विवरणात दर, उरलेले हप्ते आणि बाकी मुद्दल या तीन आकड्यांवर नजर ठेवा. दर वाढतो तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारून करायचं असतं. तुम्ही काही कळवलं नाही तर मुदतच वाढते, आणि मग वर काढलेला सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.